टीव्हीचं घड्याळ साडेपाच तास पुढे होतं

गणपतीआधी गोरेगावच्या घराला रंग काढला, तेव्हा टीव्ही आठ दिवस भिंतीवरून उतरवून ठेवला होता. परत लावून आईचं मालिकेचं अ‍ॅप उघडलं, तर नुसता काळा पडदा. फोनवर मात्र त्याच वाय-फायवर तेच अ‍ॅप छान चालत होतं.

रिमोटने बंद-चालू करून बघितलं. पण रिमोटने अँड्रॉइड टीव्ही पूर्ण बंद होत नाही, नुसता झोपतो. म्हणून प्लगच काढला, दोन मिनिटं थांबलो. तरीही काळाच. तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, वर कोपऱ्यात बघ, काय वेळ दाखवतोय." सेटिंगमध्ये गेलो तर तारीख होती १ जानेवारी २०१९. वीज तोडल्यावर टीव्हीचं घड्याळ मागे गेलं होतं. अ‍ॅपचा सर्व्हर आपली ओळख पटवायला जे डिजिटल प्रमाणपत्र दाखवतो, त्यावर सुरुवातीची आणि मुदतीची तारीख असते. आमच्या टीव्हीच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालं नव्हतं, त्यामुळे जोडणीच होत नव्हती.

घाईत मी तारीख-वेळ हाताने भरली, आणि तिथे खरी चूक झाली. काळा पडदा गेला, लॉगिनचा कोड आला, तो फोनवर टाकला, फोनवर "यशस्वी" आलं. टीव्हीवर क्षणभर मुखपृष्ठ झळकलं आणि परत लॉगिनचं पान! असं चार वेळा झालं. पासवर्डही बदलून पाहिला.

शेवटी दादरच्या मामेभावाला फोन केला. तो टीव्ही दुरुस्तीचंच काम करतो. त्याने एकच विचारलं, "टाइम झोन कुठला आहे?" बघतो तर जीएमटी, भारतापेक्षा साडेपाच तास मागचा. आकडे भिंतीवरच्या घड्याळाशी जुळत होते, पण टीव्ही ती वेळ जीएमटीची समजत होता, म्हणजे प्रत्यक्षात साडेपाच तास पुढे. लॉगिन झाल्यावर मिळणारा परवाना थोड्या वेळाचा असतो. तो हातात पडताच टीव्हीला मुदत संपलेला वाटे आणि अ‍ॅप बाहेर काढी.

`Date & time` मध्ये `Use network-provided time` निवडलं, टाइम झोन भारताचा केला. तरी पहिल्यांदा अ‍ॅप परत अडकलं, कारण जुना परवाना आत साठलेला होता. अ‍ॅपच्या माहितीत `Force stop` आणि `Clear cache` केलं, फरक पडला नाही. कॅशमध्ये फक्त तात्पुरत्या फाइली असतात, लॉगिन `Data` मध्ये असतं. `Clear data` दाबायला आई तयार नव्हती, "कुठवर बघितलं ते जाईल ना!" पण ती नोंद टीव्हीत नसून खात्यात असते. शेवटी ते दाबलं, नवा कोड टाकला आणि भाग थांबला होता तिथूनच सुरू झाला.