तुम्ही विचारलंत म्हणून: दट्ट्या दाबल्यावर रंगाचं काय होतं?

„सर, दाब वाढवला की समतोल उजवीकडे सरकतो की डावीकडे, हे पाठ न करता कसं ओळखायचं?"

त्यासाठी एक सिरिंज डोळ्यांसमोर आणा. तोंड घट्ट बंद केलेली काचेची सिरिंज, तिच्यात निम्मी हवा आणि निम्मा एक तपकिरी वायू. तांब्याच्या तुकड्यावर तीव्र नायट्रिक आम्ल ओतलं की जो लालसर तपकिरी धूर उठतो, तोच हा, नायट्रोजन डायऑक्साइड. धूर विषारी आहे, म्हणून हे काम धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच करायचं. घरी मुळीच नाही.

या सिरिंजमध्ये खरं तर दोन वायू असतात. NO₂ चे दोन रेणू जोडले गेले की N₂O₄ चा एक रेणू होतो आणि त्याला रंग नसतो. तो पुन्हा फुटला की दोन तपकिरी रेणू सुटे होतात.

N₂O₄ ⇌ 2NO₂

रंग स्थिर दिसतो तेव्हा आत काहीच थांबलेलं नसतं. एका क्षणात जितके रेणू फुटतात तितकेच जोडले जातात, एवढंच. समतोल म्हणजे हे बरोबरीत चाललेलं काम.

आता दट्ट्या दाबून जागा निम्मी करा. दोन्ही वायूंची गर्दी दुप्पट झाली. फुटायला N₂O₄ च्या रेणूला दुसऱ्या N₂O₄ ची गरज नसते, तो एकटाच फुटतो. म्हणून तेवढ्याच जागेत फुटण्याचं काम दुप्पट होतं. जोडलं जायला मात्र NO₂ चे दोन रेणू एकमेकांना भेटावे लागतात. हे रेणू दुप्पट दाटीत असले की प्रत्येकाला भेटणारे दुप्पट आणि भेटायला निघालेलेही दुप्पट, म्हणजे भेटी चौपट. फुटणं दुप्पट, जोडणं चौपट. बरोबरी मोडली आणि जोडण्याचं पारडं जड झालं. समतोल N₂O₄ कडे, म्हणजे वरच्या समीकरणात डावीकडे सरकला. „जिकडे रेणू कमी, तिकडे" हा वर्गात पाठ होणारा नियम एवढ्यावरून निघतो. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना वायूंचे रेणू सारखेच असतील, तर दोन्ही कामं सारख्याच पटीत वाढतात आणि दाबून काही सरकत नाही.

आकडे घालून बघू, कारण खरी गोम आकड्यांत आहे. २५ अंश सेल्सिअसला NO₂ च्या दाबाचा वर्ग भागिले N₂O₄ चा दाब, हे उत्तर समतोलात सुमारे ०.१५ येतं. दाब वातावरणात मोजला आहे. या आकड्याला समतोल स्थिरांक म्हणतात. आपल्या सिरिंजमध्ये सुरुवातीला NO₂ ०.२१, N₂O₄ ०.२९ आणि उरलेलं अर्धं वातावरण हवेचं. जागा निम्मी केली की क्षणभर ०.४२ आणि ०.५८. भागाकार करा: ०.३० येतो, हव्या त्या आकड्याच्या दुप्पट. तो खाली आणायचा तर NO₂ कमी व्हायला हवा आणि N₂O₄ वाढायला हवा. गणित सोडवलं की NO₂ ०.३१ आणि N₂O₄ ०.६४ वर येऊन थांबतात आणि भागाकार पुन्हा ०.१५ होतो. हवेचा दाबही दुप्पट झाला, पण भागाकारात ती कुठेच नाही, म्हणून तिचा या सरकण्याशी संबंध नाही. सिरिंजची जागा न बदलता आत आणखी नायट्रोजन भरलात तरी समतोल हलणार नाही, एकूण दाब वाढलेला असला तरी. परीक्षेत इथे पुष्कळ मुलं फसतात.

NO₂ ०.२१ वरून ०.४२ वर गेला आणि परत आला तो ०.३१ वर, ०.२१ वर नाही. „व्यवस्था बदलाला विरोध करते" असं ले शातलिएचं तत्त्व सांगितलं, की मुलांना वाटतं सगळं पूर्ववत होतं. तसं होत नाही. बदलाचा काही भागच भरून निघतो. म्हणून बाजूने पाहिलं तर सिरिंज आधीपेक्षा गडदच दिसते आणि विद्यार्थी गोंधळतो: रंगीत वायू कमी झाला ना, मग गडद का? मी सांगतो, मागे पांढरा कागद धरून सिरिंजच्या लांबीतून, टोकाकडून बघ. वायूची लांबी निम्मी झाली आहे, त्यामुळे काहीच सरकलं नसतं तर या बाजूने रंग जसाच्या तसा दिसला असता. तो सुमारे पावपट फिका दिसतो. तेवढे NO₂ चे रेणू खरोखर जोडले गेलेले असतात.

आणखी एक गोष्ट मी स्वतः बरीच वर्षं चुकीची शिकवली, ती इथे दुरुस्त करतो. दट्ट्या दाबल्यावर रंग आधी गडद होतो आणि पुढच्या काही क्षणांत हळूहळू थोडा उतरतो. तो उतरताना समतोल सरकताना दिसतो, असं मी सांगायचो. पण हे रेणू सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत नव्या समतोलाला पोहोचतात, डोळ्याला तो टप्पा पकडताच येत नाही. जे सावकाश उतरतं ते तापमान. झटक्यात दाबलेला वायू तापतो, जसा सायकलचा पंप तापतो. शिवाय रेणू जोडले जातानाही उष्णता सुटते. तापलेल्या वायूत N₂O₄ जास्त फुटतो, म्हणून रंग जादा गडद. काच ही उष्णता बाहेर टाकते तसा रंग खाली येतो.

तापमानाची गोष्ट वेगळी आहे ती इथे. दाबाने भागाकार बदलला, पण ०.१५ हा आकडा जागचा हलला नाही. संहती बदलली तरी तसंच: फेरिक थायोसायनेटच्या लाल द्रावणात थायोसायनेटचे दोन थेंब टाका, लाली वाढते, पण टाकलेलं सगळं थायोसायनेट वापरलं जात नाही, भागाकार जुन्या आकड्याला जुळला की संपलं. तापमान बदललं की तो आकडाच बदलतो. एक मोल N₂O₄ फोडायला सुमारे ५७ किलोज्यूल लागतात, म्हणून तापवलं की फुटण्याची बाजू जिंकते. ५० अंशांना तो आकडा साधारण सहापट होतो, शून्य अंशाला साधारण आठव्या हिश्शावर येतो.

म्हणून पाठ करण्याऐवजी एक प्रश्न आधी विचारा: बदलला तो भागाकार, की ज्याच्याशी त्याला जुळायचं तो आकडा? भागाकार बदलला असेल तर तो वर गेला की खाली, तेवढं पाहा. आकडा बदलला असेल तर उष्णता कुठल्या बाजूला शोषली जाते ते पाहा. सीलबंद नळी बर्फात ठेवली, मग कोमट पाण्यात धरली, की फिकट पिवळसर वायू तपकिरी होत जाताना दिसतो. पुन्हा बर्फात घातली की रंग परत उतरतो, आणि तीच नळी वर्षानुवर्षं पुढच्या वर्गाला दाखवता येते.