परवाना असलेला माणूस ‘गाडी शिकवाल का?’ म्हणाला तेव्हा

आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने मला ‘गाडी चालवायला शिकवाल का?’ असे विचारले, तेव्हा त्याच्याजवळ दोन वर्षांपूर्वीचा परवाना होता. हे मला पहिल्याच दिवशी कळले आणि पुढचे पाच रविवार माझ्या मनात जो गोंधळ चालला त्याचे मूळ तिथेच होते. रीतसर क्लास करून, चाचणी देऊन परवाना मिळवलेल्या माणसाला पुन्हा शिकायचे असते कशाला, आणि तेही माझ्याकडूनच? माझ्या मैत्रिणीने ऐकल्याबरोबर निकाल देऊन टाकला की, त्याला गाडी शिकायची नाही, शेजारी बसायचे आहे. मला तो माणूस आवडत होता, हे मी लपवत नाही. म्हणूनच हा निकाल मला पटला आणि म्हणूनच मी पाच आठवडे चुकीच्या गोष्टींकडे पाहत राहिले.

सपाट रस्त्यावरचे शिकवणे विशेष सांगण्यासारखे नाही. स्टिअरिंग त्याच्या हातात उत्तम होते, आरसे तो न सांगता पाहत असे, गिअर बदलताना नजर रस्त्यावरून हटत नसे. अडले ते चढावर. चढावर थांबलेली गाडी पुन्हा पुढे काढणे त्याला काही केल्या जमेना. एकदा गाडी बंद पडायची, दुसऱ्यांदा मागे घरंगळायची, तिसऱ्यांदा इंजिन मोठ्याने गुरगुरायचे आणि गाडी उसळून पुढे जायची. पहिल्या रविवारी जी चूक झाली तीच पाचव्या रविवारी, त्याच जागी. दरवेळी सपाट रस्त्यावर थोडे फिरून झाले की तो स्वतःहून म्हणायचा, ‘आज पुन्हा त्या चढावर जाऊ या.’ तो रस्ता निर्मनुष्य होता. त्याचाही मी अर्थ लावला.

चढावर नेमके काय करायचे असते ते आधी सांगते, कारण सगळी अडचण त्यात आहे. गाडी हँडब्रेकवर उभी असते. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकायचा, अ‍ॅक्सिलरेटर हलकासा द्यायचा आणि मग क्लच सावकाश वर सोडत न्यायचा. एका जागी इंजिनाचा आवाज खाली बसतो, गाडीला बारीक थरथर जाणवते आणि ती हँडब्रेकला ओढू लागते. इथे क्लच पकडू लागलेला असतो. बोलताना आपण त्याला हाफ क्लच म्हणतो. पाय त्याच जागी स्थिर ठेवून मनात दोन अंक मोजायचे आणि मग हँडब्रेक सोडायचा. पकड बरोबर असेल तर गाडी मागेही जात नाही आणि पुढेही जात नाही, जागच्या जागी उभी राहते. त्यानंतर अ‍ॅक्सिलरेटर थोडा वाढवायचा आणि उरलेला क्लच सोडायचा. गाडी मागे गेली तर हँडब्रेक पकड येण्याआधी सुटला, आणि गाडी बंद पडली तर क्लच पकडीच्या पुढे गेला किंवा अ‍ॅक्सिलरेटर कमी पडला, असे समजावे.

हे सगळे त्याला पाठ होते. मी विचारले की तो एकही पायरी न चुकता सांगत असे. त्याला आवाज बसलेला ऐकू येई, पायही थांबे. पण दोन अंक मोजण्याच्या आत त्याचा डावा पाय थरथरू लागे आणि ती थरथर क्लचमध्ये उतरे. अगदी उघड्या डोळ्यांना दिसेल इतका गुडघा हलायचा. मी शेजारी बसून तो थरथरणारा गुडघा पाहायची आणि मला वाटायचे, हा माझ्यामुळे बावरतो आहे.

त्यात भर पडली ती थांबण्याची. चढावर आठ-दहा प्रयत्न सलग झाले की क्लच प्लेट घासून तापते आणि जळका, उग्र वास येऊ लागतो. तो वास आला की पुढचा प्रयत्न करायचा नाही, गाडी बाजूला घेऊन प्लेट निवू द्यायची. त्या दहा-पंधरा मिनिटांत दोघे गाडीत बसून दुसरे करणार काय? आम्ही बोलत असू. घरचे, कामाचे, लहानपणाचे. रविवारमागून रविवार त्या गप्पा वाढत गेल्या आणि मी मनाशी म्हणत राहिले की शिकायलाच आलेला माणूस इतके बोलत नाही. त्या गप्पा क्लच तापल्यामुळे होत होत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

खरे तर अशी शंका मला यापूर्वी एकदा आली होती आणि ती बरोबर निघाली होती. एका परिचिताने मला स्वयंपाक शिकवायला सांगितले होते. तो ओट्याशी उभा राहून छान बोलायचा, पण कांदा किती परतायचा हे त्याने कधी विचारले नाही, मीठ कधी पडले ते पाहिले नाही. तिसऱ्या भेटीत मी विचारले की मागचा पदार्थ घरी करून पाहिला का, तर त्याच्या घरी लागणारे पातेलेही नव्हते. तिथे मला उत्तर मिळाले. ज्याला शिकायचे असते तो दोन भेटींच्या मध्ये एकटा धडपडतो आणि पुढच्या वेळी काय बिघडले ते घेऊन येतो. माझ्या सहकाऱ्याला हीच कसोटी लावली असती तर मी इतकी अडकले नसते, कारण तो दर रविवारी काहीतरी विचारत आला होता. ‘बसमध्ये पुढच्या सीटवर बसून चालकाचा पाय पाहत होतो, तो टाच टेकवतो का?’ हा प्रश्न त्याने तिसऱ्या रविवारी केला होता. मी त्याचे उत्तर अर्धवट दिले, कारण माझे लक्ष दुसरीकडे होते.

पाचव्या रविवारी माझा धीर सुटला. तीन वेळा गाडी बंद पडल्यावर मी हँडब्रेक ओढला आणि थोड्या चढ्या आवाजात विचारले, ‘तुमच्याकडे परवाना आहे, मग हे कसे येत नाही? तुम्हाला खरोखर शिकायचे आहे का?’

त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, ‘क्लासच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होता. मला वाटायचे मीच गाडी उचलतो आहे. परवाना मिळाल्यावर भावाची गाडी घेतली तेव्हा कळले की क्लच बहुतेक वेळ त्यांच्याच पायाखाली होता. आईला दर पंधरा दिवसांनी तपासणीला न्यावे लागते. त्या दवाखान्याच्या फाटकाशी चढ आहे आणि तिथे अडथळा उघडेपर्यंत थांबावे लागते. मागे गाड्या असतात. मला तेवढे एक जमायला हवे.’

निर्मनुष्य चढाचे कारण असे निघाले. शिकायचे कशासाठी आणि कुठे चालवण्यासाठी, हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. ज्याला शिकायचे असते त्याच्या उत्तरात एखादी जागा असते, एखादी तारीख असते. नुसते ‘यायला हवे’ एवढेच असले तर शंका घ्यायला जागा राहते.

मग मी गाडीतून उतरले, त्याच्या बाजूचे दार उघडले आणि इंजिन बंद करून क्लच दाबायला व सोडायला सांगितले. बाहेरून, खाली वाकून पाहिल्यावर जे दिसले ते शेजारच्या सीटवरून मला पाच आठवड्यांत दिसले नव्हते. तो माझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच आहे आणि सीट माझ्या मापाने पुढे ओढलेली होती. माझ्या गाडीचा क्लच जुना असल्यामुळे तो बराच वर आल्यावर पकडतो. मला त्याची सवय आहे. पण त्याला तिथपर्यंत यायचे तर गुडघा स्टिअरिंगच्या खालच्या कडेला टेकेपर्यंत पाय मागे घ्यावा लागत होता. टाच जमिनीपासून सुटलेली, मांडी सीटवरून उचललेली आणि सगळा पाय हवेत तोललेला. असा पाय कुणाचाही थरथरेल.

‘सीट मागे का घेतली नाहीत?’ मी विचारले.

‘तुमची सीट आहे,’ तो म्हणाला. ‘परत तशीच लागली नाही तर तुम्हाला त्रास होईल, म्हणून हात लावला नाही.’

सीटखालची दांडी उचलून आम्ही ती तीन खाचा मागे सरकवली. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय पूर्ण ताठ झाला तर सीट फार मागे गेली आहे आणि गुडघा स्टिअरिंगला लागला तर फार पुढे आहे. एवढे पाहून आम्ही चढ सोडला आणि सपाटीवर आलो. तिथे अ‍ॅक्सिलरेटरला अजिबात पाय न लावता, फक्त क्लच सोडत गाडी सरपटू लागेपर्यंत आणायची आणि लगेच पुन्हा दाबायचा, असे त्याच्याकडून वीस वेळा करून घेतले. हा सराव चढावर जाण्याच्या आधी करायचा असतो, म्हणजे पकडीची जागा कानापेक्षा पायाला कळते. मी तो पहिल्या रविवारी करून घेतला नव्हता, कारण परवानाधारकाला याची गरज नसेल असे मी गृहीत धरले होते.

चढावर परत गेल्यावर पहिल्या प्रयत्नात गाडी बंद पडली. दुसऱ्या प्रयत्नात आवाज बसला, त्याने दोन अंक मोजले, हँडब्रेक सोडला आणि गाडी चढावर निश्चल उभी राहिली. गुडघा हलत नव्हता. तो पुढे जायलाच विसरला. ‘उभी आहे,’ एवढेच म्हणाला आणि तसाच बसून राहिला. शेवटी मला सांगावे लागले की असे धरून ठेवू नका, प्लेट जळेल, आता रेस द्या. त्या दिवशी तो सलग सहा वेळा चढ चढला आणि जळका वास एकदाही आला नाही. साहजिकच थांबण्याची गरज पडली नाही आणि गप्पाही झाल्या नाहीत. मला त्याच्या यशाचा मनापासून अभिमान वाटला आणि थोडे रिकामेही वाटले.

पुढचे दोन रविवार गाडी मागे घेण्यात आणि दोन गाड्यांच्या मध्ये उभी करण्यात गेले. त्यानंतरच्या सोमवारी त्याने कळवले की आईला घेऊन गेलो होतो, फाटकाशी थांबावे लागले, गाडी मागे गेली नाही. रविवार मोकळा आहे का, असे त्याने विचारले नाही आणि मीही विचारले नाही. मैत्रिणीला मी सांगितले की त्याला गाडीच शिकायची होती.

शेवटच्या रविवारी किल्ली माझ्या हातात देण्यापूर्वी त्याने सीटखालची दांडी उचलली आणि टक, टक, टक असे मोजून सीट तीन खाचा पुढे घेतली. मी बसले तेव्हा पाय नेमका क्लचवर पडला.