बोअरचं पाणी, रिठा, साबणाची वडी आणि आमचं वॉशिंग मशीन

सासूबाईंच्या मानेला आणि हातांना डिटर्जंटचं पुरळ यायचं. त्वचेच्या डॉक्टरांनी त्यांच्या कपड्यांसाठी दुसरं काही वापरून बघा म्हटल्यावर मी मशीनमध्ये रिठा आणि साबण, दोन्ही लावून पाहिले. आम्ही लातूरला राहतो. नळाचं पाणी पिण्या-स्वयंपाकाला जातं, मशीन चालतं बोअरवर. ते पाणी इतकं जड आहे की बादलीत आतून पांढरा थर धरतो. पुढचं बरंचसं या पाण्यामुळेच घडलं.

आधी रिठा. बिया काढून टरफलं कापडी पुरचुंडीत बांधून ड्रममध्ये टाका, असं बरेच जण सांगतात. आमच्या पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये ते जमलं नाही. गार पाण्यात टरफलातला फेसाचा अंश, म्हणजे सॅपोनिन, नीट सुटत नाही. शिवाय पुरचुंडी शेवटपर्यंत आतच राहते, म्हणून खळबळायच्या पाण्यातही तो उतरत राहतो. त्यापेक्षा काढा बरा. सात-आठ रिठ्यांची टरफलं लिटरभर पाण्यात रात्री भिजवते, सकाळी पंधरा-वीस मिनिटं मंद उकळते आणि पातळ फडक्यातून गाळते. त्यातला पेलाभर पावडरच्या कप्प्यात ओतते आणि पाणी ४० अंशांवर ठेवते. उरलेला काढा फ्रिजमध्ये. बाहेर राहिला तर दोन दिवसांत आंबूस वास मारतो.

कपड्यांना घाण वास नव्हता, सासूबाईही खूश होत्या. पण हे काम रिठ्याचं की नुसत्या पाण्याचं, ते मला कळून घ्यायचं होतं. जुन्या पांढऱ्या धोतराचे तीन तुकडे केले. प्रत्येकावर काळ्या मातीचा, घामट कॉलर घासल्याचा आणि फोडणीच्या हळद-तेलाचा डाग पाडला. एक नुसत्या पाण्यात, एक रिठ्यात, एक डिटर्जंटमध्ये, तिन्ही वेगवेगळे पण सारख्याच ४० अंशांवर धुतले. माती रिठ्यात जेवढी निघाली, जवळपास तेवढीच नुसत्या पाण्यातही निघाली. कॉलरचा मळ रिठ्यानं थोडा जास्त काढला. तेल मात्र रिठ्याच्या तुकड्यावर बोटाला लागत होतं आणि हळद पिवळीच होती. डिटर्जंटच्या तुकड्यावरचं तेल गेलं, हळदीचा पुसट डाग राहिला, तो उन्हात उडाला.

म्हणजे रिठा खोटा नाही, पण त्याचा जोर कमी आहे. जड पाण्यात तो साबणासारखा फाटत नाही, ही त्याची मोठी बाजू. पण डिटर्जंटमध्ये क्षार बांधून ठेवणारे पदार्थ आणि बऱ्याचदा डाग तोडणारे एन्झाइमही असतात, ते रिठ्यात नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "अगं, रिठ्यानं आम्ही रेशमी लुगडी अन् लोकर धुवायचो. शेतातली धडुती कधीच नाही." रिठ्याचं पाणी किंचित आंबट असतं, म्हणून रेशमाला ते मानवतं.

साबणाची गोष्ट वेगळी. आधी वेष्टन वाचावं, कारण दुकानातल्या कपड्यांच्या बऱ्याच वड्या डिटर्जंटच्याच असतात. मी तेलापासून केलेला खरा साबण आणला. मशीनमध्ये टाकण्याआधी दोन पारदर्शक बाटल्या घेतल्या, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत छतावरून साठवलेलं पावसाचं. दोन्हीत चिमूटभर साबणाचा कीस टाकून हलवलं. पावसाच्या पाण्यावर दाट फेस आला. बोअरचं पाणी गढुळलं आणि वर फाटलेल्या दुधासारखे पांढरे कण तरंगले. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून न विरघळणारा चिकट साका करतात. फेस येईपर्यंत साबण वाढवत गेलं की साकाही वाढतो.

तरी एक टॉवेल सलग काही धुण्यांत साबणानंच धुतला. तो करडा आणि राठ झाला. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर शोषला जाण्याआधी क्षणभर मण्यासारखा उभा राहिला, म्हणजे धाग्यांवर साका बसला होता. दाराच्या रबराच्या घडीतही बोटाला राखाडी, मेणचट थर लागला. ड्रमच्या मागच्या बाजूला तोच साठतो, तिथं हात पोचत नाही आणि मग मशीनला कुबट वास येतो. रबर पुसून मशीन रिकामं असताना लिंबूसत्व घालून गरम पाण्यावर फिरवलं, नंतर डिटर्जंटवर एकदा.

धुण्याचा सोडा आधी घातला तर साबण कमी फाटतो, हे खरं. पण सोड्यानं खाली बसलेला चुना कपड्यात अडकतो. आमचं मशीनचं पाणी अंगणातल्या झाडांना जातं, आणि सोड्यातला सोडियम काळ्या मातीला घट्ट करतो, पाणी मुरू देत नाही. म्हणून सोडा मी बंद केला.

आता सासूबाईंचे घरचे सुती कपडे आणि चादरी रिठ्याच्या काढ्यात, एक वेळ जास्त खळबळून. पावसाचं पाणी टाकीत असेपर्यंत त्यांचे रुमाल हातानं साबणाच्या वडीवर. फडकी, तेलकट टॉवेल आणि शेतातले कपडे डिटर्जंटमध्येच, पण वेगळ्या फेरीत.