ओबीसीच्या रकान्यातली ‘मॅनेजमेंट’ सीट

मेडिकलच्या तिसऱ्या फेरीची निवड यादी लागली की गंगापूर रोडवरच्या आमच्या सेंटरमध्ये झेरॉक्स मशीनला उसंत नसते. लोकांना वाटतं आम्ही नुसते फॉर्म भरतो. खरं काम कागदांचं असतं. जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, यातला एखादा मुदत संपलेला निघाला तर मिळालेली जागा कॉलेजच्या काउंटरवर जाते.

त्या दिवशी दुपारी निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार मुलीला घेऊन आले. एमबीबीएसला नंबर लागला होता, विदर्भातलं खाजगी कॉलेज. रिपोर्टिंगसाठी कागदांचे तीन सेट हवे होते आणि रात्रीच्या गाडीने निघायचं होतं. पण त्यांनी पुढे केले ते मोबाईलमधले फोटो.

“भाऊ, ओरिजिनल कुठंय?”

“सरांकडं हाये ताई. बाकीचे आठ दिले की देणारेत.”

ते सर म्हणजे कॉलेज रोडवर काचेचं ऑफिस थाटलेला एजंट. नीटचा निकाल लागला त्याच आठवड्यात यांना त्याचा फोन आला होता. मुलांचे गुण आणि पालकांचे नंबर या लोकांपर्यंत इतक्या झटपट कसे पोचतात, हे कोचिंग क्लासवाल्यांनी एकदा सांगावं. त्याने सांगितलं, कॉलेजचा एक गुप्त मॅनेजमेंट कोटा असतो, तो वेबसाइटवर दिसत नाही. अठरा लाखांत काम ठरलं. दहा आधी, रोख, हॉटेलच्या पार्किंगमध्ये. उरलेले यादी लागल्यावर. दहावी-बारावीची मार्कशीट, दाखला, जातवैधता, सगळं ‘फाइल लावायला’ म्हणून ठेवून घेतलं. राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलचा फॉर्मही त्यानेच भरला, स्वतःचा मोबाईल नंबर टाकून. त्यामुळे ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे आणि कॉलेजांचा पसंतीक्रमही त्याच्याच हातात. यादी लागली तेव्हा मुलीच्या आधी ते त्याला कळलं आणि त्याने फोन केला, “काम झालं.”

मी यादी उघडली. तिला लॉगिन लागत नाही, ती सगळ्यांसाठी खुली असते. हजारो ओळींची पीडीएफ, बारीक अक्षर, सगळी इंग्रजीत, कॉलेजच्या नावाआधी कोड. एवढी पारदर्शक व्यवस्था उभी केली आणि ती वाचायची कशी हे शेतकरी बापाला कोणी सांगितलं नाही. त्या रिकाम्या जागेत हे एजंट दुकान मांडून बसलेत. मुलीच्या नीट रोल नंबरवरून ओळ शोधली. ऑल इंडिया रँक, नाव, प्रवर्ग, आणि कोट्याच्या रकान्यात लिहिलेलं होतं ओबीसी.

मी म्हटलं, “भाऊ, ही जागा राज्याच्या कोट्यातली आहे. हिच्या गुणांवर मिळालीय.”

ते समजुतीने हसले. “बाहेर तसंच दाखवत्यात ताई. सरांनी आधीच सांगितलं होतं.”

मग मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. खाजगी मेडिकल कॉलेजात 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात. उरलेल्या 15 टक्के संस्था आणि एनआरआय कोट्याच्या. त्यात गुप्त काही नाही. त्यांची फी कित्येक पट असते, पण ती जाहीर असते आणि कॉलेजच्या खात्यात भरायची असते. त्यांचं वाटपही सीईटी सेलच नीटच्या गुणवत्तेनुसार करतं, आणि तिथे ओबीसी आरक्षण नसतं. म्हणजे जागा मॅनेजमेंटची असेल तर त्या रकान्यात ओबीसी येऊच शकत नाही. इंजिनिअरिंगला संस्था पातळीवरच्या जागा कॉलेज स्वतः भरतं, पण त्यासाठीही जाहिरात द्यावी लागते, गुणवत्ता यादी लावावी लागते. आणि प्रवेशासाठी ठरलेल्या फीवर पैसे घेणं महाराष्ट्रात 1987 च्या कॅपिटेशन फी कायद्याने गुन्हा आहे, कोर्स कोणताही असो.

त्यांचा चेहरा हलला नाही. म्हणून यादीत त्या कॉलेजचा कोड टाकला आणि त्याच फेरीत तिथे ओबीसीतून कोण कोण लागलं ते काढलं. मुलीच्या खाली, म्हणजे तिच्यापेक्षा कमी गुणांचे, अजून चार जण होते. मी पेन्सिलने एकेका ओळीखाली रेघ मारली. “हिला मागच्या दाराने घुसवली असती तर ही सगळ्यात शेवटी दिसली असती. हिच्यामागे चार जण उभे आहेत.”

ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “त्यांनीबी दिले असतील.”

मुलगी पहिल्यांदा बोलली. “मॅडम, म्हणजे माझा नंबर खरंच लागलाय?”

यांच्या धंद्याचं मर्म मला तिथे नीट पोचवता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. एजंट जागा मिळवून देत नाही. तो गेल्या वर्षीचा कट-ऑफ घेऊन बसतो आणि काठावरची मुलं हेरतो, जी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत स्वतःच्या गुणांवर लागू शकतात. अशा दहा घरांतून आगाऊ रक्कम घेतो. ज्यांची मुलं लागली त्यांचे पैसे त्याचे. ज्यांची नाही लागली त्यांना ‘या वर्षी कोटा फुल्ल झाला’ म्हणून बरेचसे परत देतो. मग परत मिळालेले सांगतात, माणूस प्रामाणिक आहे. लागलेले सांगतात, माणूस खात्रीचा आहे. पोलिसांत कोणीच जात नाही, कारण तक्रार करायला कोणाला फसल्यासारखं वाटतच नाही. ज्यांना वाटतं, ते रोख कुठून आणली या प्रश्नाला घाबरतात. खोटी लेटर देऊन पळणारे पकडले जातात, बातमी होते. हे मात्र वर्षानुवर्षं त्याच ऑफिसात बसतात.

घड्याळ पुढे सरकत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्टिंग बंद होणार होतं. दहा लाखांचा पुरावा शून्य होता, पण कागद घेतल्याचा होता. ‘सगळे ओरिजिनल मिळाले’ असा एजंटचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मुलीच्या फोनवर होता. मी फक्त कागदांपुरता तक्रार अर्ज टाईप केला, खाली मेसेजचा स्क्रीनशॉट लावला. भाऊंची सही करायची तयारी नव्हती. मुलगी सज्ञान होती, तिने सही केली. त्या अर्जाचा फोटो एजंटला पाठवून लिहिलं की सहा वाजता पोलीस ठाण्यात देतोय. साडेपाचच्या आत त्याच्या ऑफिसचा पोरगा प्लॅस्टिकची फाइल टेबलावर ठेवून गेला. मी एकेक कागद मोजून घेतला आणि तीन सेट काढले.

निघताना शुल्कमाफीचं सांगितलं. कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, 2024 च्या जुलैतला शासन निर्णय आहे. ती कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतलेल्यांनाच मिळते, मॅनेजमेंट कोट्याला नाही. “अर्ज मंजूर झाला की समजा, जागा कुठली होती ते.” ती माफी मंजूर झाली. मुलीनेच फोन करून कळवलं.

दहा लाख मात्र गेले. भाऊंनी ते मागितलेही नाहीत, आणि उरलेले आठसुद्धा दिवाळीनंतर पोचते केले. “शब्द दिलेला ताई, पोरीचं पाच वर्षांचं शिक्षण आहे, कुठं वाकडं घ्या.” घरात आजही सगळे म्हणतात, हिची सीट अठरा लाखांची. पोरगी रात्र-रात्र जागून शिकली, त्याची किंमत तिच्या बापाला दिसत नाही आणि एजंटचा एक फोन दिसतो, याचा मला फार राग आहे.

परवा त्यांच्या साडूंचा फोन आला. त्यांचा मुलगा या वर्षी नीटला बसलाय, आणि भाऊंनीच एजंटचा पत्ता दिलाय. कागद तेवढे माझ्याकडून करून घ्यायचे होते. मी विचारलं, फॉर्मवर मोबाईल नंबर कोणाचा टाकलाय?

“सरांचा. का हो?”