खांद्यातून निखळणारा हात

माझ्या खेळातला सैनिक तलवार उगारायला लागला की त्याचा हात खांद्यातून निखळायचा. हात फिरत होता, पण कोपरात खिळा ठोकल्यासारखा. पंजा वर येताना खांद्याकडचं टोक धडाबाहेर मागच्या बाजूला निघायचं. मी गोडो ४ या गेम इंजिनमध्ये काम करत होतो आणि सैनिकाचे धड, हात, तलवार असे वेगवेगळे तुकडे करून ते नुसते फिरवून अ‍ॅनिमेशन करत होतो. अशा पद्धतीत सांधा जागेवर राहिला नाही तर बाकी काहीच जमत नाही.

हाताचं चित्र ४८ पिक्सेल रुंद आणि १६० पिक्सेल उंच होतं, हात सरळ खाली लोंबणारा. खांद्याचा सांधा चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून (२४, २०) वर. गोडोत चित्र दाखवणारा `Sprite2D` नोड मुळात `centered` चालू ठेवून येतो, म्हणजे चित्राचा मध्यबिंदू (२४, ८०) नोडच्या ओरिजिनवर, त्याच्या शून्य बिंदूवर बसतो. आणि नोड फिरतो तो नेहमी स्वतःच्या ओरिजिनभोवती. माझ्या चित्रात तो बिंदू नेमका कोपरापाशी होता. खांदा त्याच्या ६० पिक्सेल वर. हात ९० अंश पुढे उचलला की तो खांदा मूळ जागेपासून ६० पिक्सेल डावीकडे आणि ६० पिक्सेल खाली जाणार, हे साधं गणित आहे. नोड त्याचं काम चोख करत होता. सांधा कुठे आहे हे त्याला मी सांगितलंच नव्हतं.

हे मला तेव्हा उमगलं नाही. मी केलं ते असं: हात फिरवला, तो जिथे सरकला तिथून उचलून परत खांद्याला लावला आणि त्या क्षणी हात कुठे असावा याची नोंद, म्हणजे जागेचाही कीफ्रेम टाकला. सुरुवातीला हात खाली, शेवटी आडवा, दोन्ही ठिकाणी खांदा अगदी बरोबर. पण अ‍ॅनिमेशन चालवलं की मधल्या काळात हात पाठीकडे घुसायचा आणि पुन्हा बाहेर यायचा. मध्ये आणखी कीफ्रेम टाकले, तर घुसणं कमी झालं पण हाताला बारीक थरथर आली.

दोन संध्याकाळी घालवल्यावर मी कागदावर आकृती काढली, तेव्हा कारण दिसलं. खांदा स्थिर ठेवायचा तर चित्राचा मध्यबिंदू खांद्याभोवती ६० पिक्सेल त्रिज्येच्या कमानीवरून जायला हवा. पण जागेचे दोन कीफ्रेम दिले की त्यांच्यामधला प्रवास सरळ रेषेत होतो. खांद्यापासून मोजलं तर मध्यबिंदू (०, ६०) वरून (६०, ०) वर जायचा. ४५ अंशांवर तो साधारण (४२, ४२) वर हवा होता, सरळ रेषेत मात्र तो (३०, ३०) वर पोचतो. म्हणजे ऐन मध्यावर हात जवळजवळ १८ पिक्सेल खांद्याच्या आत ढकलला जातो. ४८ पिक्सेल रुंदीच्या हातात एवढा फरक कोणाच्याही नजरेला टोचतो. कीफ्रेम वाढवले की कमानीच्या जागी जास्त बाजूंची मोडकी रेघ मिळते, एवढंच. जागेचे कीफ्रेम लावून पिव्हटची, म्हणजे फिरण्याच्या बिंदूची, चूक झाकता येत नाही, हे मला त्या आकृतीने शिकवलं.

मग ते सगळे कीफ्रेम पुसून टाकले आणि चित्रच ओरिजिनच्या संदर्भात सरकवलं:

```gdscript
$Arm.centered = false
$Arm.offset = Vector2(-24, -20)
$Arm.position.y -= 60
```

पहिल्या ओळीने चित्राचा वरचा डावा कोपरा ओरिजिनवर येतो. दुसरीने चित्र २४ डावीकडे आणि २० वर सरकतं, म्हणजे खांद्याचा पिक्सेल बरोबर ओरिजिनवर बसतो. तिसरी ओळ विसरली तर पिव्हट बरोबर होतो पण हात ६० पिक्सेल खाली उतरलेला दिसतो. कारण पूर्वी नोडची `position` कोपराची जागा सांगत होती, आता ती खांद्याची सांगायला हवी. `offset` आणि `position` मध्ये माझा बराच गोंधळ व्हायचा. पहिलं चित्राला नोडमध्ये हलवतं, दुसरं नोडला त्याच्या पालकामध्ये हलवतं. फिरण्याचा बिंदू बदलतो तो पहिल्यामुळे.

डोळ्यांनी खात्री करायला हाताच्या नोडला एक छोटी स्क्रिप्ट जोडली:

```gdscript
extends Sprite2D

func _draw():
    draw_circle(Vector2.ZERO, 3, Color.RED)
```

ओरिजिनवर लाल ठिपका येतो. अ‍ॅनिमेशन चालू असताना तो ठिपका सांध्यावरच राहिला तर पिव्हट बरोबर. ठिपका सांध्यापासून दूर दिसला तर चूक `offset` मध्ये आहे. ठिपका सांध्यावरच आहे पण धडाच्या तुलनेत सरकतोय, तर कुठेतरी जागेचा जुना कीफ्रेम शिल्लक आहे. माझा एक राहिलाच होता, तो असाच सापडला.

हात नीट झाला आणि तलवार मात्र कोपराशी जाऊन चिकटली. तलवार हाताच्या नोडखालचा चाइल्ड नोड होती आणि चाइल्डची जागा पालकाच्या ओरिजिनपासून मोजली जाते. पंजा चित्रात (२४, १४०) वर होता. कोपरापासून तो ६० पिक्सेल खाली, खांद्यापासून १२०. म्हणून तलवारीची जागा (०, ६०) ऐवजी (०, १२०) करावी लागली. `offset` फक्त चित्र हलवतो, चाइल्डना हात लावत नाही. म्हणून आता मी पिव्हट आधी ठरवतो आणि चाइल्ड नंतर जोडतो.

तलवारीचा स्वतःचा पिव्हट मुठीत ठेवला. चित्र ४० पिक्सेल रुंद, मूठ डावीकडून १२ पिक्सेलवर. सैनिक उजवीकडे बघत असताना सगळं छान होतं. डावीकडे वळला की तलवार पंजाच्या बाजूला हवेत. मी वळवण्यासाठी प्रत्येक तुकड्याचं `flip_h` चालू करत होतो. त्याने चित्र आपल्याच चौकटीत उलटतं, पण `offset` तसाच राहतो. उलटलेल्या चित्रात मूठ २८ व्या पिक्सेलवर गेली, ओरिजिन मात्र अजून १२ वर, म्हणजे १६ पिक्सेलची चूक. हाताच्या बाबतीत हे कधी दिसलंच नाही, कारण तिथे खांदा रुंदीच्या बरोबर मध्यावर होता.

शेवटी सगळे तुकडे एका साध्या `Node2D` खाली घेतले आणि वळताना फक्त त्याचा `scale.x` उणे एक करायला लागलो. मग जागा, कोन आणि `offset` सगळं एकत्र उलटतं. हा `Node2D` मी मुद्दाम `CharacterBody2D` च्या आत ठेवला. गोडो २डी मध्ये आडवं उणे स्केल तसंच टिकवत नाही, ते उभं उणे स्केल आणि १८० अंशांचा कोन असं वाचलं जातं. प्रत्यक्ष टक्कर घेणाऱ्या नोडवर तसं केलं की वळण्याचे विचित्र प्रकार सुरू होतात.

काही आठवड्यांनी चित्रकार मित्राने हात नव्याने पाठवला, चारही बाजूंची सहा-सहा पिक्सेलची रिकामी पट्टी कापून. चित्र ३६ बाय १४८ झालं आणि खांदा (१८, १४) वर आला. मी `offset` उणे १८, उणे १४ केला. चालणं, वार आणि ढाल उचलणं, तिन्ही अ‍ॅनिमेशनमधल्या एकाही कीफ्रेमला हात लावावा लागला नाही.