लिफ्टचे काउंटरवेट आणि परत मिळणारी वीज : माझा अनुभव

सोसायटीची लिफ्ट नवी करताना कोटेशन, सभेची मंजुरी आणि मोटर बदलणे ही कामे सुरळीत झाली. अडलो ते काउंटरवेटचे, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला केबिनला तोलून धरणाऱ्या भाराचे, वजन किती हे मिळवताना. कंत्राटदाराच्या कार्यालयाकडे मी ते वारंवार लेखी मागितले आणि दर वेळी ‘ड्रॉइंगप्रमाणे आहे’ एवढेच उत्तर आले, याचा राग अजून गेलेला नाही.

हा आकडा का हवा, ते सांगतो. आमची लिफ्ट आठ जणांची, म्हणजे 544 किलोची, वेग सेकंदाला एक मीटर. केबिनच्या वजनात निम्मा भार, म्हणजे 272 किलो, मिळवून काउंटरवेट ठरवलेले असते. त्यामुळे भरलेली केबिन वर नेताना मोटरला केवळ 272 किलोंचा फरक उचलावा लागतो, आणि त्यासाठी घर्षण वगळता सुमारे 2.7 किलोवॅट पुरतात. काउंटरवेट नसते, तर आमच्या 800 किलोंच्या केबिनसह तेरा किलोवॅटांहून अधिक लागले असते.

भरलेली केबिन उतरते तेव्हा हाच फरक मोटरला फिरवतो आणि मोटर जनित्र बनते. ही वीज पूर्वी ब्रेकिंग रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जात असे; नवा रिजनरेटिव्ह ड्राइव्ह ती इमारतीच्या वायरिंगमध्ये परत सोडतो. विक्रेत्याने भरलेली केबिन उतरवून सुमारे तीन किलोवॅट परत येताना दाखवले आणि सर्वजण खूश झाले. मला मात्र तो आकडा खटकला, कारण 272 किलोंच्या फरकातून नुकसान वजा जाता दोन किलोवॅटच्या आसपासच यायला हवेत.

अखेर मी चाचणीचा आग्रह धरला. केबिनमध्ये 272 किलोंची वजने ठेवून, केबिन आणि काउंटरवेट शाफ्टच्या मध्यावर समोरासमोर येतात त्या क्षणी, मोटरचा प्रवाह वर जाताना आणि खाली येताना मोजायचा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. आमच्याकडे वर जातानाचा आकडा स्पष्टपणे जास्त आला. सजावटीच्या वेळी बसवलेली ग्रॅनाइटची फरशी आणि स्टीलचे पत्रे मिळून केबिन सुमारे 120 किलोंनी जड झाली होती, पण काउंटरवेटमध्ये एकही ठोकळा वाढवलेला नव्हता. उतरताना मिळणारी जादा वीज ही चढताना आम्हीच भरलेली होती, आणि तीही पूर्ण परत येत नव्हती. पूर्ण भाराने चढताना ड्राइव्ह ओव्हरलोडवर ट्रिप होत होता, त्याचे कारणही हेच निघाले. दोर आणि ब्रेकची क्षमता तपासून ठोकळे वाढवल्यावर ट्रिप होणे थांबले, तेव्हा मला मनापासून हायसे वाटले.

म्हणून केबिनच्या सजावटीला मंजुरी देण्यापूर्वीच वाढणारे वजन लेखी घ्यावे. रिकामी केबिन उतरवतानाही वीज खर्च होते, कारण तेव्हा जड काउंटरवेट वर ओढावे लागते. रिकामी केबिन वर जाताना मात्र ती परत मिळते. तीस मीटरच्या पूर्ण भाराच्या एका उतरणीतून मिळणारी वीज इतकी थोडी असते की एक युनिट जमायला साधारण साठ उतरणी लागतात. वर्दळ कमी असलेल्या इमारतीने रिजनरेटिव्ह ड्राइव्हची जादा किंमत या हिशेबावर ताडून पाहावी.