नववीचे गुण, खोड-पानाची मांडणी आणि एकशे दहाचा फरक

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि नववीच्या एका तुकडीची वर्गशिक्षिका आहे. प्रथम सत्राचे पेपर तपासून झाले की मुख्याध्यापकांना वर्गाची सरासरी द्यावी लागते. यंदा त्यांनी सरासरीबरोबर मध्यकही मागितला, म्हणजे गुण क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा. गुणपत्रक संगणकावर होतं, सूत्र टाकलं की दोन्ही आकडे आले असते. पण आकडा आला तरी वर्ग दिसत नाही, आणि मला वर्ग बघायचा होता. म्हणून बीएस्सीला संख्याशास्त्रात शिकलेली स्टेम अँड लीफची मांडणी पुन्हा हातात घेतली. जॉन ट्युकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात ती लोकप्रिय केली. मी तिला खोड-पान म्हणते, मुलांनाही हेच नाव पटकन कळतं.

गणिताचे दोन्ही भाग मिळून गुण ८० पैकी होते. पटावर ३२ मुलं, त्यातली दोन गैरहजर, म्हणजे पेपर ३०. अर्धा गुण आला तर आमच्याकडे पुढचा पूर्ण गुण धरतात, त्यामुळे सगळ्या संख्या पूर्ण होत्या. हे आधी बघावं लागतं, कारण पान एका अंकाचंच असतं आणि २५.५ तिथे बसत नाही. दशकाचा अंक हे खोड, एककाचा अंक हे पान. २ | ५ म्हणजे २५ गुण. कागदाच्या डाव्या बाजूला ० पासून ७ पर्यंतचे अंक एकाखाली एक लिहून उभी रेघ मारली. विज्ञानाच्या मॅडम शेजारीच बसल्या होत्या, त्या हजेरी क्रमांकाने गुण वाचत गेल्या आणि मी त्या त्या ओळीत पान लिहीत गेले.

लिहून झाल्यावर मोजलं तर पानं ३० भरली. पेपर ३०, पानं ३०. मी निश्चिंत झाले. इथेच चूक झाली, पण ती कळायला अजून अर्धा तास होता.

मध्यकासाठी संख्या चढत्या क्रमाने लावाव्या लागतात. खोडं आपोआप क्रमाने असतात, म्हणून मांडणी तयार झाल्यासारखी वाटते, पण ओळीतली पानं ज्या क्रमाने वाचली गेली त्याच क्रमाने पडलेली असतात. माझी २ ची ओळ अशी होती:

२ | ५ ८ १ ५ ९ ३ ८ ४ ५

वरच्या दोन ओळींत आठ पानं होती, त्यामुळे पंधरावं आणि सोळावं पान म्हणजे या ओळीतलं सातवं आणि आठवं. ते आहेत ८ आणि ४, म्हणजे २८ नंतर २४. चढत्या क्रमात असं होऊच शकत नाही. पण नजर पानांवर न ठेवता नुसतं बोटाने मोजलं तर २८ आणि २४ ची सरासरी २६ काढून आपण मोकळे होतो, आणि ते उत्तर खऱ्याच्या इतकं जवळ असतं की शंकाही येत नाही. म्हणून मी दुसरा कागद घेऊन प्रत्येक ओळ लहान अंकाकडून मोठ्याकडे पुन्हा लिहिली. मग पंधरावं आणि सोळावं पान दोन्ही ८ आले. मध्यक २८.

सरासरीसाठी सगळ्या संख्या सुट्या करून बेरजेला बसायची गरज नसते. प्रत्येक ओळीतली पानं मोजायची, त्या संख्येला खोडाच्या दहापटीने गुणायचं, आणि पानांची बेरीज वेगळी करायची. २ च्या ओळीत नऊ पानं असतील तर खोडाचे १८०, आणि त्या नऊ पानांची बेरीज ४८. ओळ संपली. असं करत माझी एकूण बेरीज ९५३ आली. तीसने भागून सरासरी ३१.७७.

एवढ्यात मॅडमनी गुणपत्रकाच्या तळाची बेरीज वाचली. "अहो, इथे तर १०६३ आहेत."

फरक ११० चा. बेरजेत हातचा चुकला असता तर सहसा फरक १० किंवा १०० चा पडला असता, त्यामुळे तसं वाटेना. मी ओळी पुन्हा तपासल्या, बेरीज तीच येत होती. मग मॅडम म्हणाल्या, "तुम्ही ती मांडणी ठेवा बाजूला. मी परत वाचते, तुम्ही एकेका पानावर खूण करा." असं करत सोळाव्या क्रमांकावर आलो. चाळीस गुण. ४ च्या ओळीत ० हे पानच नव्हतं. पुढे सत्तरचंही तसंच.

कारण नंतर लक्षात आलं. चाळीस ऐकल्यावर माझा हात ४ पर्यंत गेला होता, आणि लिहायला काही उरलंच नाही असं वाटून तो परत आला होता. शून्य हे पान आहे, हे मी मुलांना शिकवते. पानांच्या बेरजेत त्याने काहीच वाढत नाही, म्हणून ते गळलं तरी ती बेरीज जशीच्या तशी राहते. पण ओळीतलं एक पान कमी झालं की खोडाचे पूर्ण चाळीस जातात, मध्यकाची जागा सरकते आणि भागाकारही चुकतो.

मग ३० पानं भरली कशी? दोन पानं गळली असतील तर २८ भरायला हवी होती. उत्तर पहिल्याच ओळीत होतं:

० | ० ० ७ ९

गैरहजर मुलांच्या नावापुढे मॅडमनी "गैरहजर" असंच वाचलं होतं आणि मी ० लिहिलं होतं. दोन गळले, दोन जास्तीचे आले, आणि मोजणी बरोबर जुळली. पानांची संख्या जुळणं ही तपासणी आवश्यकच आहे, पण तेवढ्यावर थांबू नये हे मला त्या दिवशी नीट कळलं. आता मी बेरीज गुणपत्रकाशी ताडून पाहिल्याशिवाय मध्यकाकडे वळत नाही.

दुरुस्त केलेली मांडणी ही:

० | ७ ९
१ | २ ४ ६ ८
२ | १ ३ ४ ५ ५ ५ ८ ८ ९
३ | १ २ ४ ६ ७
४ | ० ३ ८ ९
५ |
६ | १ ४ ६
७ | ० ३ ५

आता पानं खरोखर तीस मुलांची. खोडांची बेरीज वरून खाली ०, ४०, १८०, १५०, १६०, ०, १८०, २१०, म्हणजे ९२०. पानांची बेरीज १६, २०, ४८, २०, २०, ०, ११, ८, म्हणजे १४३. दोन्ही मिळून १०६३, भागिले ३०, सरासरी ३५.४३.

मध्यकासाठी तीसमध्ये एक मिळवून दोनने भागलं की १५.५ येतात. ही जागा आहे, गुण नव्हेत. पंधराव्या आणि सोळाव्या पानाच्या मधोमध थांबायचं एवढाच तिचा अर्थ. वरून ओळींची पानं मिळवत गेले: २, ६, १५. पंधरावं पान २ च्या ओळीतलं शेवटचं, म्हणजे २९. सोळावं पुढच्या ओळीतलं पहिलं, म्हणजे ३१. दोघांची सरासरी ३०. जागा अशी दोन ओळींच्या सांध्यावर आली की मुलं ९ आणि १ घेतात, त्यांची सरासरी ५ काढतात आणि खोड २ लावू की ३ यावर अडतात. म्हणून पान उचलण्याआधीच पूर्ण संख्या लिहावी, २९ आणि ३१. खालून मोजूनही पाहिलं: ३, ६, ६, १०, १५. पंधरावी संख्या ३१ च आली.

गैरहजर मुलांचे शून्य धरले असते तर काय झालं असतं, हे मुद्दाम करून पाहिलं. बत्तीस पानं, बेरीज तीच १०६३, सरासरी ३३.२२. मध्यक सोळाव्या-सतराव्या पानाचा, म्हणजे २८ आणि २९ चा, २८.५. मध्यक कशानेच हलत नाही असं आपण सैलपणे म्हणतो. तळाला दोन पानं वाढली की तो एक जागा सरकतोच. त्या दोन मुलांच्या जागी शून्य ऐवजी ५ किंवा १० असते तरी मध्यक एवढाच राहिला असता, सरासरी मात्र बदलली असती.

३५.४३ आणि ३०. साडेपाच गुणांचा हा फरक येतो कुठून, ते मांडणीतच दिसतं. ५ ची ओळ रिकामी आहे. कच्च्या कागदावर मी ती जवळजवळ गाळणार होते, कारण तिथे लिहायला काही नव्हतं. पण ती ओळ जागेवर राहिली म्हणून खाली सहा मुलं वेगळी बसलेली दिसली, ६१ ते ७५ मधली. त्या सहांच्या गुणांनी सरासरी वर ओढली गेली आहे. सरासरीच्या खाली किती मुलं आहेत ते मोजलं तर अठरा. तीसपैकी अठरा मुलं "सरासरी"हून खाली असताना मीटिंगमध्ये फक्त ३५ हा आकडा सांगणं मला प्रामाणिक वाटलं नसतं.

याच गुणांचा ०-१०, १०-२० असे वर्ग पाडून तक्ता केला, वर्गमध्य ५, १५, २५ असे धरले, तर सरासरी ३५.६७ येते. ती अंदाजी असते, कारण वर्गात गेल्यावर प्रत्येक मुलाचे खरे गुण पुसले जातात आणि सगळे वर्गमध्यावर बसतात. तीस मुलांसाठी ते पुसण्याचं काही कारण नाही. तीनशे मुलं असती तर मीही तक्ताच केला असता. पानांची ओळ कागदाबाहेर गेली असती.

मुख्याध्यापकांना मी दोन्ही आकडे दिले आणि सोबत मांडणीचा कागद. त्यांनी बराच वेळ २ ची ओळ पाहिली. "२५ तीनदा आहे?"

"हो सर. तीन वेगवेगळी मुलं."

आमच्याकडे ८० पैकी २८ ला उत्तीर्ण. बारा मुलं त्याखाली होती आणि त्यातली ही तीन अवघ्या तीन गुणांनी. वर्गांच्या तक्त्यात ती "२०-३०: ९ मुलं" यात मिसळून गेली असती. मी तिघांचे पेपर गठ्ठ्यातून काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तिघांनीही भूमितीच्या रचनेचा प्रश्न सोडून दिला होता. दिवाळीच्या सुट्टीआधी चार दिवस हाती होते. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या तिघांना कंपास घेऊन थांबायला सांगितलं.